रिफंड ‘पूर्ण’ झाला, पण खाते बंद होते

काका, चवथीसाठी म्हणून १२ जुलैला ऑनलाइन फ्रिज घेतला. २३,४९० रुपये यूपीआयने भरले. फ्रिज वेळेत येईना, म्हणून ऑर्डर रद्द केली. मधल्या काळात वेर्ण्याची नोकरी सुटली. तिथले पगाराचे खाते मी बंद केले, मोबाइल नंबर बदलला आणि नव्या बँकेत नवा यूपीआय आयडी काढला. दुकानवाले म्हणतात, ९ ऑगस्टला रिफंड पूर्ण झाला, बँकेला विचारा. जुनी बँक म्हणते, हे खाते बंद आहे, आमच्याकडे काही आलेले नाही. नव्या आयडीवर पाठवा म्हटले तर दुकान म्हणते नियमात बसत नाही. सप्टेंबर संपत आला. पैसे नेमके कुठे आहेत आणि मला मिळणार कसे?
— एक वाचक, डिचोली

ताई, तुमचे पैसे दोनपैकी एका ठिकाणी आहेत. एक तर ते दुकानाकडे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवे कंपनीकडे परत गेले आहेत, नाहीतर तुमच्या जुन्या बँकेच्या एका अंतर्गत खात्यात पडून आहेत. कोणाशी भांडायचे ते यातले कुठले खरे यावर ठरते. तुम्ही दीड महिना दोघांकडे एकाच वेळी विचारत राहिलात आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले. त्यात तुमची चूक नाही, पण ही फिरवाफिरवी थांबवायची तर आधी जागा शोधावी लागेल.

मी बँकेत होतो आणि शेवटची काही वर्षे ताळमेळाच्या टेबलावर काढली. ज्या नोंदी कुठल्याच खात्यात बसत नाहीत, त्या आमच्यापाशी यायच्या. त्यामुळे तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू मी रोज पाहिलेली आहे.

आधी यूपीआयचा रिफंड कसा जातो ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सोपे होईल. तो तुमच्या आयडीकडे जात नाही. आयडी हा नुसता पत्ता असतो. १२ जुलैला तुम्ही पैसे भरले तेव्हा ते कुठल्या बँकेच्या कुठल्या खात्यातून निघाले याची नोंद त्या व्यवहारापाशी राहिली, आणि रिफंड त्या नोंदीला धरून उलटा जातो. म्हणून ज्यांचा फक्त आयडी बदलला आहे आणि खाते तेच आहे, त्यांना सहसा काही करावे लागत नाही. २०२४ मध्ये पेटीएमच्या आयडींचे असेच झाले. @paytm ने संपणारे आयडी दुसऱ्या बँकांच्या आयडींवर वळवले गेले, कोणाला @ptsbi मिळाला तर कोणाला @ptyes, पण त्यामागचे बचत खाते हलले नाही. बँकांचे विलीनीकरण झाले तेव्हाही हेच. आपल्याकडे सिंडिकेट बँकेचे खातेदार १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेचे झाले आणि कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेचे. शाखेचा आयएफएससी कोड बदलला, तरी खाती चालू राहिली.

तुमचे तसे नाही. तुमचे खातेच बंद आहे, म्हणून रिफंडला पोचायला जागा उरली नाही.

आता तो कुठे अडकला असेल ते पाहू. दुकान दोन प्रकारे पैसे परत करू शकते. पहिल्या प्रकारात रिफंड लगेच, एका क्षणात पाठवला जातो. तुमच्या बँकेची यंत्रणा तिथल्या तिथे तपासते, खाते बंद दिसते आणि ती नकार देते. पैसे दुकानाकडून हलतच नाहीत, किंवा हलले तरी लगेच परत येतात. दुकानाच्या गेटवेत अशा नोंदीपुढे failed किंवा reversed असे दिसते. दुसऱ्या प्रकारात दुकानाची बँक दिवसभराच्या सगळ्या रिफंडांची एक यादी करून पाठवते. त्या रकमांचा हिशेब बँका-बँकांमध्ये होतो, पैसे तुमच्या जुन्या बँकेकडे एकरकमी येतात, आणि मग ती बँक एकेक रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यात टाकायला घेते. तुमची पाळी आली की खाते बंद. रक्कम तर बँकेत येऊन बसलेली, मग ती ठेवायची कुठे? ती जाते सस्पेन्स खात्यात. काही बँकांत त्याला संकीर्ण खाते म्हणतात. तिथून ती परत पाठवली जाते, किंवा कोणी विचारीपर्यंत तशीच राहते.

दुसऱ्या प्रकारात दुकानाच्या दृष्टीने काम संपलेले असते. पैसे त्यांच्याकडून गेले आणि पडद्यावर ‘पूर्ण’ आले. ते खोटे बोलत नाहीत. आणि काउंटरवरची मुलगीही खोटे बोलत नाही. ती तुमचा जुना खाते क्रमांक टाकते, पडद्यावर ‘बंद’ असे येते आणि शेवटची नोंद खाते बंद केल्याच्या दिवसाची दिसते. त्यानंतर काही आले का, हे ती त्या पडद्यावरून सांगूच शकत नाही, कारण आलेली रक्कम तुमच्या खात्यात नाही, बँकेच्या स्वतःच्या खात्यात आहे. ते खाते ती सहसा उघडून पाहू शकत नाही. ‘आमच्याकडे काही आलेले नाही’ या उत्तराचा खरा अर्थ ‘तुमच्या खात्यात काही आलेले नाही’ एवढाच असतो.

आमच्या टेबलावर साखळीच्या एका निवृत्त शिक्षकांची अशीच नोंद होती. रद्द केलेल्या तिकिटाचे सहा हजारांच्या आसपासचे पैसे सात महिने सस्पेन्समध्ये. ते बिचारे शाखेत पाच वेळा येऊन गेले होते, दर वेळी पासबुक घेऊन. सहाव्या वेळी त्यांनी एका कागदावर बारा आकडी क्रमांक लिहून आणला आणि त्याच दुपारी नोंद सापडली. तोवर कोणी त्यांना तो क्रमांक मागितला नव्हता, आणि त्यांना तो द्यायचा असतो हे ठाऊक नव्हते. मला आजही त्याचे वाईट वाटते.

तर तुम्हाला हवा आहे तो हा बारा आकडी क्रमांक. बँकेच्या भाषेत आरआरएन. ॲपमध्ये तो UTR किंवा UPI Ref No अशा नावाने दिसतो. दुकानाचा ऑर्डर क्रमांक वेगळा आणि गेटवेने दिलेला लांबलचक अक्षर-आकड्यांचा क्रमांक वेगळा. हे दोन्ही बँकेला काही सांगत नाहीत. बँकेची यंत्रणा शोधते ती आरआरएनवर.

तुमचा फोन नंबर बदलला, त्यामुळे जुन्या ॲपमधला इतिहास हाताशी नसणार. तरी मूळ व्यवहाराचा क्रमांक मिळतो. जुन्या बँकेच्या शाखेत जाऊन बंद खात्याचे जुलै महिन्याचे स्टेटमेंट मागा. खाते बंद झाले म्हणून नोंदी पुसल्या जात नाहीत. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली बँकेला व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात. ‘बंद खात्याचे मिळत नाही’ असे कोणी म्हणाले तर लेखी द्यायला सांगा. ओळखपत्र आणि जुने पासबुक घेऊन जा. स्टेटमेंटमध्ये १२ जुलैच्या २३,४९० रुपयांच्या ओळीतच तो बारा आकडी क्रमांक छापलेला असेल.

ही पहिली पायरी. दुसरी दुकानाकडे, आणि ती फोनवर नको. फोनवर तुम्हाला पुन्हा ‘पूर्ण झाला’ एवढेच ऐकू येईल. ईमेलने किंवा त्यांच्या ॲपच्या तक्रार खिडकीतून लिहा, आणि एकच गोष्ट मागा. अशा शब्दांत:

‘माझ्या ऑर्डरचा रिफंड ज्या खात्यात पाठवला ते खाते रिफंडच्या आधी बंद झाले होते. रक्कम मला मिळालेली नाही. कृपया रिफंडचा आरआरएन, रिफंड पाठवल्याची तारीख, रक्कम आणि तुमच्या गेटवेत त्या रिफंडची आजची स्थिती लेखी कळवा. ही रक्कम तुमच्याकडे परत आली असल्यास तेही कळवा.’

‘आजची स्थिती’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ९ ऑगस्टला जे पूर्ण दिसत होते ते नंतर परत फिरलेले असू शकते. ग्राहकसेवेतल्या माणसाला ऑर्डरच्या पानावरचे जुने वाक्यच दिसते. गेटवेतली ताजी नोंद पाहायला त्याला तुमची तक्रार हिशेब विभागाकडे पाठवावी लागते. त्याने ती पाठवावी म्हणून हा शब्द.

उत्तर आले की त्यातला क्रमांक नीट पाहा. बरेचदा दुकान रिफंडचा म्हणून तुम्हाला मूळ व्यवहाराचाच क्रमांक पाठवते. कधी त्यांची चूक असते, तर कधी रिफंडची नोंद खरोखरच मूळ क्रमांकाखाली झालेली असते. ओळखायची एक खूण आहे. अनेक व्यवहारांत या बारा आकड्यांतला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १२ जुलै हा २०२५ चा १९३ वा दिवस, म्हणून तुमच्या मूळ व्यवहाराचा क्रमांक ५१९३ ने सुरू होत असावा. ९ ऑगस्ट हा २२१ वा दिवस, तेव्हा त्या दिवशी स्वतंत्रपणे पाठवलेला रिफंड ५२२१ ने सुरू व्हायला हवा. सगळीकडे हा नेम पाळला जात नाही, म्हणून याला पुरावा समजू नका. पण दुकानाने पाठवलेला क्रमांक स्टेटमेंटमधल्या क्रमांकाशी आकडा न् आकडा जुळत असेल, तर पुन्हा एक ओळ लिहून विचारा: ‘हा मूळ पेमेंटचा क्रमांक आहे. रिफंडला वेगळा क्रमांक आहे की हाच?’ मग पुढे बँकेत जाताना दोन्ही क्रमांक घेऊन जा.

दुकानाचे उत्तर ‘रक्कम आमच्याकडे परत आली आहे’ किंवा ‘रिफंड अयशस्वी दिसतो’ असे आले, तर तुम्हाला जुन्या बँकेचे काही काम नाही. पण ‘रिफंड यशस्वी, हा घ्या आरआरएन’ असे आले, तर तो क्रमांक घेऊन बँक गाठायची.

बँकेचा रस्ता आधी सांगतो, कारण माझ्या मते तुमचे पैसे तिथे असण्याची शक्यता जास्त. दीड महिन्यानंतरही दुकानाला ‘पूर्ण’च दिसते आहे. लगेच नाकारलेला रिफंड असता तर एव्हाना कोणाच्या तरी पडद्यावर तो अयशस्वी दिसला असता.

ज्या शाखेत खाते होते त्याच शाखेत जा. वेर्ण्याला जाणे लांब पडेल, तरी पहिल्या खेपेस तरी जा. दुसऱ्या शाखेत कागद घेतात, पण तो शेवटी मूळ शाखेकडेच येतो आणि वाटेत आठवडे जातात. काउंटरवर विचारू नका, थेट मॅनेजरच्या नावे अर्ज द्या. आपल्याकडच्या शाखांत मराठीत लिहिलेला अर्ज चालतो, पण हा कागद पुढे मुख्य कार्यालयाच्या यूपीआय ताळमेळ विभागाकडे जायचा आहे आणि तो विभाग बहुधा गोव्याबाहेर असतो, म्हणून आकडे आणि तारखा ठळक, सुट्या ओळींत लिहा. मजकूर असा असू द्या:

‘माझे या शाखेतले बचत खाते क्रमांक अमुक, अमुक तारखेला बंद केले आहे. त्यानंतर दिनांक ९ ऑगस्ट २०२५ रोजी २३,४९० रुपयांचा यूपीआय रिफंड या खात्यासाठी आपल्या बँकेकडे पाठवला गेला. त्याचा आरआरएन अमुक. मूळ व्यवहाराचा आरआरएन अमुक, दिनांक १२ जुलै २०२५. ही रक्कम बँकेच्या सस्पेन्स किंवा यूपीआय समायोजन खात्यात जमा आहे का, हे तपासावे. असल्यास सोबतच्या माझ्या नव्या खात्यात एनईएफटीने पाठवावी. परत पाठवली असल्यास परतीची तारीख आणि संदर्भ क्रमांक लेखी द्यावा.’

सोबत ओळखपत्राची प्रत, जुलैचे स्टेटमेंट, दुकानाचा ईमेल छापून, आणि नव्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. हा शिक्का पुढे लागेल.

‘सस्पेन्स’ हा शब्द अर्जात असला पाहिजे. तो वाचला की मॅनेजरला कळते की तुमचे बंद खाते शोधायचे नसून बँकेच्या आतले खाते शोधायचे आहे. सगळा फरक तिथे पडतो.

यातून दोन उत्तरे येऊ शकतात आणि दोन्ही तुमच्या फायद्याची आहेत. रक्कम सापडली तर बँक ती नव्या खात्यात पाठवते. नाव आणि पॅन जुन्या नोंदीशी जुळले पाहिजेत, म्हणून नवे खाते तुमच्या स्वतःच्या नावाचे द्या. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात पाठवा म्हटले की फाइल तिथेच थांबते. दुसरे उत्तर म्हणजे ‘अमुक तारखेला परत पाठवली, संदर्भ अमुक’. हा कागद हातात आला की दुकानाला ‘पूर्ण’ म्हणायला जागाच राहत नाही.

३० दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तिथे पहिला प्रश्न ‘बँकेकडे आधी लेखी तक्रार कधी केली?’ हाच असतो. त्याला उत्तर म्हणजे तो आवक शिक्का. १४४४८ या क्रमांकावर फोन करून प्रक्रिया विचारता येते.

आता दुकानाचा रस्ता, रक्कम त्यांच्याकडे परत गेली असेल तर.

‘नव्या खात्यात पाठवणे नियमात बसत नाही’ हे त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे दुकानांच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांसाठी, जे नियम केले त्यात म्हटले आहे की रिफंड मूळ मार्गानेच जावा. हा नियम ग्राहकाच्या भल्यासाठी आहे. नाहीतर कोणीही तुमची ऑर्डर रद्द करून पैसे स्वतःच्या खात्यात वळवील. पण त्याच वाक्यात सूटही आहे. ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्पष्टपणे संमती दिली असेल तर रिफंड दुसरीकडे देता येतो. दुकानाला तुमची लेखी संमती हवी असते आणि ती मागायची कशी हे त्यांच्या ग्राहकसेवेला शिकवलेले नसते. तेव्हा ती तुम्हीच द्या, न मागता. ‘मूळ पेमेंटचे खाते बंद असल्याने, ही रक्कम मूळ मार्गाऐवजी माझ्या खालील बँक खात्यात जमा करण्यास मी स्पष्ट संमती देते’, आणि खाली खात्याचा तपशील. सोबत जुन्या बँकेचे खाते बंद झाल्याचे पत्र जोडा. ते शाखेत मिळते. हा कागद नसला की पुढचे उत्तर ‘पुन्हा त्याच खात्यात प्रयत्न करतो’ असे येते आणि आणखी आठ-दहा दिवस फुकट जातात.

नवा यूपीआय आयडी देऊ नका, खाते क्रमांक द्या. आयडी ॲपशी आणि मोबाइल नंबरशी बांधलेला असतो. तुम्ही पुन्हा ॲप बदललेत की तो बदलू शकतो, आणि मग हेच सगळे पुन्हा. शिवाय दुकानांचे हिशेब विभाग असे सुटे रिफंड एनईएफटी किंवा आयएमपीएसने काढतात. त्यांच्या अर्जात आयडीसाठी रकानाच नसतो.

तपशील लिहिताना दोन ठिकाणी माणसे चुकतात. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे. फोनवर हे दोन्ही सारखेच दिसतात. आणि खाते क्रमांक दोनदा, तीनदा तपासा. एनईएफटीत पैसे क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. क्रमांक कुठल्याच खात्याचा नसेल तर रक्कम परत जाते. व्यवहारांच्या ज्या गटातून, म्हणजे बॅचमधून, ती आली ती बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत घेणाऱ्या बँकेने रक्कम परत करायची असते. पण चुकलेला क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला तर पैसे त्याच्याकडे जातात आणि मग नवी लढाई. काही दुकाने आधी एक रुपया टाकून खाते पडताळतात. तसा रुपया आला तर घाबरू नका, तो चांगला संकेत आहे. खऱ्या रकमेसाठी त्यानंतर दोन-तीन कामकाजाचे दिवस धरा.

इथे एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. या दीड महिन्यात तुम्ही वैतागून दुकानाचा ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला असेल, किंवा समाजमाध्यमांवर तक्रार लिहिली असेल. अशा तक्रारींवर पाळत ठेवणारे लोक असतात. ते फोन करून म्हणतात, ‘तुमचा २३,४९० चा रिफंड अडकला आहे, मी सोडवून देतो’. रक्कम बरोबर सांगतात, कारण ती तुम्हीच लिहिलेली असते. मग एक ॲप उतरवायला सांगतात ज्यातून तुमचा पडदा त्यांना दिसतो, किंवा पैसे स्वीकारण्यासाठी म्हणून यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. दुकानाशी बोलायचे तर त्यांच्या ॲपमधून किंवा तुमच्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये दिलेल्या पत्त्यावरच. चुकून काही घडलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

दुकानाने दाद दिली नाही तर? ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. तुम्ही आतापर्यंत ज्यांच्याशी बोललात ते हा अधिकारी नव्हेत. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी त्याचा पत्ता असतो. त्याला वरचा सगळा पत्रव्यवहार एकाच ईमेलमध्ये जोडून पाठवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. माझ्या अनुभवात इथपर्यंत आलेले प्रकरण, कागद नीट असतील तर, बहुतेक सुटते. मोठी दुकाने हेल्पलाइनवरून आलेल्या तक्रारी वेगळ्या माणसांकडे देतात आणि ती माणसे गेटवेची नोंद स्वतः उघडून पाहतात.

आणि तरीही नाही झाले, तर ग्राहक आयोग आहेच. दुकान बंगळुरूचे असो की दिल्लीचे, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. डिचोली उत्तर गोव्यात, म्हणजे तुमच्यासाठी उत्तर गोवा जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे पुष्कळ वेळ आहे, म्हणून घाईघाईने तिथे जाण्याआधी बँकेचे लेखी उत्तर हातात घ्या. ते नसले तर आयोगापुढेही दुकान आणि बँक एकमेकांकडेच बोट दाखवतील.

तुमच्या जागी मी असतो तर येत्या सोमवारी वेर्ण्याला जाऊन एकाच खेपेत तीन कागद आणले असते: जुलैचे स्टेटमेंट, खाते बंद झाल्याचे पत्र, आणि अर्ज आताच देता येत नसला तरी मॅनेजरचा ईमेल पत्ता. त्याच संध्याकाळी दुकानाला पहिले पत्र. रिफंडचा आरआरएन आला की बँकेचा अर्ज ईमेलने, आणि छापील प्रत शिक्क्यासाठी.

या काळात दुकानाकडून ‘तुमची तक्रार सोडवली आहे, बंद करू का?’ असा संदेश येईल. हेल्पलाइनकडूनही येतो. नव्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये २३,४९० ची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्याला ‘हो’ म्हणू नका, कारण बंद झालेली तक्रार पुन्हा उघडून घ्यायची तर सगळे कागद परत पहिल्यापासून पाठवावे लागतात.